निरीक्षण तक्त्यात ०.०५ ग्रॅमला जागा द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी नववीला विज्ञान शिकवतो. आमच्या हाती असलेल्या छापील कार्यपत्रिकेतल्या एकाच प्रयोगाबद्दल हे पत्र आहे. द्रव्य अक्षय्यतेचा नियम पडताळायचा तो प्रयोग. शंकुपात्रात ५ टक्के बेरियम क्लोराईडचे १० मिली द्रावण घ्यायचे. लहान नळीत तेवढेच सोडियम सल्फेट भरून ती दोऱ्याने आत लोंबकळत सोडायची. बूच लावून वजन करायचे, मग पात्र तिरके करून द्रावणे मिसळायची. दुधासारखा पांढरा साका दिसला की पुन्हा वजन.

यंदा एका मुलीला आधी १४८.६२ ग्रॅम मिळाले, नंतर १४८.५७. शेजारचा म्हणाला, "सारखंच लिही गं, सर मार्क कापतील." तिने खोडरबर हातात घेतलाही. मी पात्र उचलून पाहिले तर बुचाखालून एक ओघळ आलेला आणि टेबलावर एक थेंब. पाण्याचा थेंब साधारण ०.०५ ग्रॅमचा असतो. म्हणजे पोरीने हरवलेला थेंब मोजला होता! पण कार्यपत्रिकेत तो लिहायचा कुठे? तिथे फक्त 'वस्तुमान समान आहे का? होय / नाही' आणि खाली आधीच छापलेले अनुमान: 'वस्तुमान समान राहते.' उत्तर छापून ठेवल्यावर मुले काट्याकडे कशाला बघतील?

काट्याचे लघुत्तम माप लिहायलाही तक्त्यात रकाना नाही. या प्रयोगात तयार होणारा साका अर्ध्या ग्रॅमच्याही आत असतो. एक ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या काट्यावर तो सगळाच्या सगळा सांडला तरी आकडा हलेलच असे नाही. अशा काट्यावर नियम दर वर्षी 'सिद्ध' होतो.

आता सुरक्षा सूचना. कार्यपत्रिकेत एकच ओळ आहे: 'रसायने काळजीपूर्वक हाताळावीत.' बेरियम क्लोराईड पाण्यात विरघळते आणि पोटात गेले तर विषारी आहे, हे कुठेही नाही. बेरियम सल्फेट विरघळत नाही म्हणून ते निर्धोक. पोटाच्या एक्स-रेआधी रुग्णाला पाजतात ते हेच. त्यामुळे प्रयोगानंतर विष उरत नाही, अशी आम्हा शिक्षकांचीही समजूत असते. पण बाटलीवरचे लेबल नीट वाचायला हवे. सोडियम सल्फेट निर्जल असेल तर १० मिलीतले अर्धा ग्रॅम सगळ्या बेरियमला पुरून उरते. तेच दहा रेणू पाणी असलेले स्फटिक असतील, तर त्या अर्ध्या ग्रॅममधले निम्म्याहून जास्त वजन पाण्याचेच. मग जवळपास पाव बेरियम वर दिसणाऱ्या नितळ पाण्यात तसेच राहते, आणि ते पाणी आपण बेसिनमध्ये ओततो. पात्र धुणारी मुले पुढच्या तासाला डबा खातात. कोणते सोडियम सल्फेट घ्यायचे याबद्दल कार्यपत्रिका गप्प आहे.

माझी विनंती अशी की नववीसाठी बेरियम काढूनच टाकावे. कॅल्शियम क्लोराईड आणि धुण्याचा सोडा घेतला तरी तितकाच पांढरा साका येतो, तोही खडूचा. धोका अगदीच नाही असे नाही. धुण्याचा सोडा डोळ्यांत गेला तर झोंबतो, म्हणून चष्मा हवा. कॅल्शियम क्लोराईड विरघळताना तापते, म्हणून द्रावण शिक्षकांनी आदल्या दिवशी करून ठेवावे. आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत छापावी: खाण्याचा सोडा चालणार नाही. त्यातून कार्बन डायऑक्साईड सुटतो, बूच उडू शकते, आणि वायू बाहेर गेला की वजन घटते. (हे शिक्षकांनी उघड्या पात्रात मुद्दाम करून दाखवावे असे मला वाटते. बूच कशासाठी, हे मुलांना तेव्हाच कळते.)

तक्त्यात मला एवढेच हवे: काट्याचे लघुत्तम माप, आधीचे वजन, नंतरचे वजन, फरक, आणि फरकाचे कारण लिहायला दोन कोऱ्या ओळी. छापलेले अनुमान काढून टाका. फरक आला म्हणून गुण कापू नयेत, कारण न शोधल्याबद्दल कापावेत, ही सूचना शिक्षकांसाठीच्या पानावर घाला.

त्या मुलीच्या पानावर मी समासात पेनाने रकाना आखून दिला. तिने लिहिले: 'फरक ०.०५ ग्रॅम. बूच सैल होते. टेबलावर थेंब सापडला.' पुढच्या वर्षीच्या छपाईआधी हा रकाना आपल्याकडून आखला जावा.

आपला,
नववीचा एक विज्ञान शिक्षक