पाव गोळी आणि २.६ पोटॅशियम: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सादर नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले. माझी नात तीन महिन्यांची आहे आणि परवाच ती अतिदक्षता विभागातून बाहेर आली. तिच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र आहे. पण अतिदक्षता विभागात ती त्या छिद्रामुळं गेली नव्हती, आपल्या खात्याच्या औषधखिडकीवरून मिळालेल्या पाव गोळीमुळं गेली होती. म्हणून हे पत्र.

अशा छिद्रातून रक्त फुप्फुसांकडं जास्त जातं. जन्मल्यावर काही आठवडे लेकरू बरं दिसतं, मग अंगावर पिताना धापा टाकतं, कपाळाला घाम फुटतो, दोन घोट घेऊन थांबतं, वजन वाढत नाही. शस्त्रक्रिया होईपर्यंत फ्युरोसेमाइड द्यावं लागतं. ते लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढतं, फुप्फुसांवरचा भार उतरतो आणि लेकरू पिऊ लागतं. शहरातल्या डॉक्टरांनी तेच दिलं होतं. नेहमीची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोला एका वेळी १ मिलिग्रॅम. नात ४ किलोची, म्हणजे ४ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. पातळ औषधात १ मिलीला १० मिलिग्रॅम होतं, म्हणून १ मिलीच्या सिरिंजवर ०.४ ची रेघ. सुनेला ती रेघ पेनानं आखून दिली होती. नात फुलू लागली होती.

सून माहेरी गेली आणि तिथं बाटली संपली. ती सरकारी दवाखान्यात गेली. खिडकीवर सांगितलं, पातळ औषध येत नाही, गोळ्या आहेत. गोळी ४० मिलिग्रॅमची. चिठ्ठीवर लिहून दिलं: पाव गोळी, दिवसातून दोनदा. वजन विचारलं नाही, जुना कागद बघितला नाही. पाव गोळी म्हणजे १० मिलिग्रॅम. ४ किलोच्या लेकराला किलोमागं अडीच मिलिग्रॅम, दिवसाला पाच. ठरलेल्या औषधाच्या अडीच पट. एवढी मात्रा कधी लागलीच, तर हृदयरोगाचा डॉक्टर रक्त तपासत तपासत देतो, खिडकीवरून कुणी देत नाही.

गोळीच द्यायची होती, तर तीही नीट देता येते. अख्खी गोळी बारीक कुटून १० मिली पाण्यात कालवायची, म्हणजे १ मिलीला ४ मिलिग्रॅम होतं, आणि ४ किलोच्या लेकराला त्यातलं १ मिली द्यायचं. मात्र ही गोळी पाण्यात विरघळत नाही, पांढरा गाळ तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी सिरिंजमध्ये आलं तर औषध जवळजवळ गेलंच नाही, आणि तळ ओढला तर दुप्पट-तिप्पट गेलं. म्हणून चांगलं हलवायचं, लगेच ओढायचं, उरलेलं फेकून द्यायचं, पुढच्या वेळेला ताजं करायचं. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. सुनेला ती दोन मिनिटं कुणी दिली नाहीत.

पहिले एक-दोन दिवस लंगोट सारखे ओले. मग कोरडे राहू लागले. टाळू खोल गेली. मी पोचले तेव्हा वजन ३ किलो ६०० भरलं. पोट फुगलेलं, मान लुळी, ओठात बोट दिलं तर चोखायची ताकद नाही. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हे सगळं अंगणातली बाई "ऊन लागलं" म्हणून मोकळी होते. मला मात्र पोटॅशियमची शंका आली. हे औषध मिठाबरोबर पोटॅशियमही लघवीतून ओढून नेतं. ते उतरलं की स्नायू सैल पडतात, आतडी सुस्तावतात आणि शेवटी हृदयाचे ठोके चुकतात. हृदयाचं डिजॉक्सिन हे औषधही चालू असलं तर धोका आणखी वाढतो.

साहेब, त्याच दवाखान्याच्या दारावर आपल्या खात्याचा फलक आहे: सर्व तपासण्या मोफत, चोवीस तास. आत सोडियम-पोटॅशियमचं यंत्र कापडाखाली झाकलेलं. रसायन संपलंय, मागणी पाठवलीय. नमुना गाडीनं जिल्ह्याला गेला. रिपोर्ट आला दुसऱ्या दिवशी: पोटॅशियम ४.४. नॉर्मल. घरी न्या म्हणाले.

ते रक्त घेताना मी शेजारी उभी होते. शीर सापडेना, म्हणून टाच पिळून पिळून थेंब काढले होते. अशा पिळण्यात तांबड्या पेशी फुटतात. पेशींच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, ते बाहेर येतं आणि आकडा फुगतो. रक्त वेळेत वेगळं न करता तासन् तास पडून राहिलं तरी तेच होतं. वरचं पिवळसर पाणी लालसर दिसलं, की लॅबमधल्या तंत्रज्ञानं रिपोर्टवर तसं लिहायचं असतं आणि नमुना परत मागवायचा असतो. कुणी लिहिलं नाही. खरा आकडा खाली होता आणि फुटलेल्या पेशींनी तो झाकला. समोर लुळं पडलेलं लेकरू आहे आणि कागदावर नॉर्मल आहे, तर आपल्या दवाखान्यात कागदाचं ऐकतात.

आम्ही रात्रीच गाडी करून शहर गाठलं. तिथं शिरेतून सहज वाहतं रक्त घेतलं: २.६. साडेतीनच्या खाली गेलं की आम्ही कमी धरतो. ईसीजीतल्या टी लाटा सपाट झाल्या होत्या. फ्युरोसेमाइड थांबवलं, पाणी भरून काढलं, पोटॅशियम मोजून दिलं आणि काही तासांनी पुन्हा तपासलं. (कुणी वाचून घरी पोटॅशियम पाजू नका. ते चढलं तरी हृदय थांबतं.) आता पुन्हा ४ मिलिग्रॅम दोनदा चालू आहे, जोडीला पोटॅशियम राखणारं स्पायरोनोलॅक्टोन. मात्रा बदलली की आठवड्याभरात रक्त, आणि जुलाब किंवा उलट्या लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टर.

माझ्या मुलानं उसनं काढून बिल भरलं. सुनेला अजून वाटतं की तिच्या हातानं झालं. तिला काय सांगू मी? चिठ्ठीवर लिहिलं तेच तिनं दिलं.

हजार जन्मांमागं आठ-नऊ लेकरांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. मराठवाड्यात वर्षाला दोन-अडीच लाख बाळंतपणं धरली, तरी दोन हजारांच्या आसपास लेकरं झाली. सगळ्यांना हे औषध लागत नाही, पण ज्यांना लागतं त्यांच्यासाठी तालुक्याला पातळ बाटली नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, पथकं अंगणवाडीत येऊन लेकरू शोधतात, शस्त्रक्रियेला पाठवतात. शोधल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंतचे महिने लेकरानं कुणाच्या भरवशावर काढायचे? १९८४ साली दांडेकर समितीनं अनुशेष मोजला, नंतर केळकर समिती आली. दर १७ सप्टेंबरला झेंडा लागतो, घोषणा होतात. आमच्या वाट्याला इमारत येते, रंग येतो, फलक येतो. आत माणूस कंत्राटी, जागा रिकाम्या, यंत्र झाकलेलं. सत्ता कुणाचीही असो, मी नोकरीभर हेच पाहिलं आणि रजिस्टरमध्ये "साठा निरंक" लिहीत आले.

मागणी फार मोठी नाही. फ्युरोसेमाइडचं पातळ औषध आणि १ मिलीची सिरिंज तालुक्याला ठेवा. लेकराच्या चिठ्ठीवर आधी वजन, मग मिलिग्रॅम, मग मिली लिहिल्याशिवाय खिडकीवरून औषध देऊ नका, "पाव गोळी" हे शब्द बंद करा. यंत्राचं रसायन संपण्याआधी मागवा, आणि पेशी फुटलेल्या नमुन्यावर नॉर्मलचा शिक्का मारू नका.

नातीच्या शस्त्रक्रियेची तारीख अजून मिळालेली नाही. तोवर तिला हे औषध रोज दोनदा लागणार आहे आणि घरातली बाटली पंधरा दिवसांत संपेल. पुढची बाटली कोणत्या सरकारी खिडकीवर मिळेल, ते लेखी कळवावं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका