तोंडाला वास आला तरी साखर तपास

नागपूर

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू हसत हसत सांगितलेस की शनिवारी दोनच बिअरमध्ये तुला इतकी चढली की रूमवरच्या मुलांनी उचलून झोपवले आणि सकाळी उठलास तेव्हा डोके ठणकत होते व चादर घामाने ओली होती. मी तेव्हा हसले नाही, हे तुझ्या लक्षात आले असेल. दोन बिअरने तू इतका कोलमडणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तू मधुमेहासाठी इन्सुलिन घेतोस, म्हणून रात्री साखर किती होती असे विचारले, तर तू म्हणालास, "तपासली नाही, सगळ्यांना वाटलं प्यायल्यामुळेच आहे." त्या वाक्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

फेब्रुवारीत मनीषनगरला मामाकडच्या लग्नात तुला सुट्टी मिळाली नव्हती, आणि 'मामाची तब्येत जरा बिघडली होती' एवढेच आम्ही तुला सांगितले होते. खरी हकीकत अशी. मामा मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड २ मि.ग्रॅ. आणि मेटफॉर्मिन अशी एकत्र गोळी रात्रीच्या जेवणाआधी घेतो. त्या दिवशीही त्याने ती सवयीने आठ वाजता घेतली. वरात मात्र रेंगाळली आणि पंगत बसायला अकरा वाजले. मधल्या वेळेत वर्धेच्या पाहुण्यांबरोबर, ज्यांच्या जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे इथे आल्यावर ते जरा मोकळेच असतात, त्याने फुटाण्यांबरोबर व्हिस्कीचे तीन पेग घेतले. पुढे सावजी मटणाचे दोन घास खाऊन तो उठला. साडेबारा वाजता आपल्या पायांनी जिना चढला, मोबाईलमध्ये सकाळचा गजर लावला आणि झोपला.

पावणेचारला मामीने मला उठवले. मामा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून असंबद्ध बोलत होता, जीभ जड झाली होती, आणि उठवायला गेलेल्याचा हात झिडकारत होता. कोणी मीठ घातलेले लिंबूपाणी आणले, कोणी तोंडावर गार पाणी मारले. कॅज्युअल्टीत इतकी वर्षे नर्स म्हणून काढूनही पहिल्या क्षणी मीच म्हणाले, "झोपू दे त्याला, उतरेल." मामीने फक्त एवढेच विचारले की थंडीच्या रात्री याचा बनियन पिळून काढण्याइतका ओला कसा?

तेव्हा मला भान आले. घामाइतकाच वेळेचा हिशेबही जुळत नव्हता. शेवटचा पेग अकराला संपलेला, साडेबाराला माणूस ठीक, आणि पावणेचारला त्याची अवस्था त्याहून वाईट. शेवटच्या घोटानंतर नशा साधारण तासाभरात कळसाला जाते आणि पुढे उतरत जाते. मधेच काही न घेता ती चार-पाच तासांनी नव्याने चढत नाही. हातपाय थरथरणे, बोलणे अडखळणे, चिडणे, तोल जाणे ही लक्षणे मात्र साखर घसरल्यावरही अगदी तशीच असतात, कारण दोन्हींत मेंदूच नीट चालत नसतो. पाहून किंवा वास घेऊन फरक सांगता येत नाही, आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात. म्हणून बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटरने पाहणे एवढाच मार्ग उरतो. मामाची साखर ३८ निघाली. सत्तरच्या खाली ती कमी समजतात, आणि चोपन्नच्या खाली गंभीर.

असे का होते, ते समजून घे. पोटात अन्न नसते तेव्हा रक्तातली साखर यकृत सांभाळते. आधी साठवलेली सोडते आणि साठा सरत आला की नवी तयार करते. यकृत दारू पचवण्यात गुंतले की हे नवे तयार करण्याचे काम मंदावते. त्यात जेवण चुकलेले असेल तर साठाही लवकर संपतो. ग्लिमेपिराइडसारख्या सल्फोनिलयुरिया गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात आणि साखर खाली आली तरी पुरेशा थांबत नाहीत. टोचून घेतलेले इन्सुलिन तर थांबण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे एका बाजूने साखर उपसली जाते आणि दुसऱ्या बाजूने भरणे बंद असते. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा अशी पडत नाही, पण आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधे असतात आणि माणूस 'मी तर साधी शुगरची गोळी घेतो' म्हणतो. मामाही तेच म्हणत असे.

तो गिळू शकत होता, म्हणून चार चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घालून हळूहळू पाजली. पंधरा मिनिटांनी ६१, पुन्हा तेवढीच दिल्यावर ८४. मग पोळी आणि दूध. घरातल्यांना वाटले, संपले. पण या गोळीचा असर दिवसभरही राहतो, आणि साडेसहाला साखर पुन्हा ५२ वर आली. तेव्हा त्याला दवाखान्यात नेले, ग्लुकोजचे सलाईन लावून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठेवले. गोळीमुळे साखर पडली असेल तर एकदा वर आली म्हणून माणसाला घरी झोपू देऊ नये, हे मी तुझ्या रूममेटसाठीही लिहीत आहे.

आता तुझे. बिअर किंवा गोड पेय घेतल्यावर साखर आधी चढते, आणि झोपण्याआधी मीटरवर २४० दिसले की तुझा हात करेक्शनच्या, म्हणजे चढलेली साखर उतरवायच्या जादा इन्सुलिनच्या, डोसकडे जाणार. तो डोस आणि दारूचा परिणाम पहाटे एकत्र येतात. तेव्हा पिण्याच्या रात्री करेक्शन किती आणि कधी घ्यायचे, हे आधीच तुझ्या डॉक्टरांना विचारून ठेव. पिऊन झाल्यावर तो निर्णय घेऊ नकोस. रात्रीचे लांब टिकणारे इन्सुलिन मनाने बंदही करू नकोस. उपाशी पिऊ नकोस, पोळी-भात पोटात असू दे. नाचलास तर साखर आणखी घसरेल. पहाटे तीनचा गजर लावून तपास, आणि नाश्त्यानंतर पुन्हा तपास, कारण दारूचा हा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा-बारापर्यंतही दिसू शकतो. तुझ्या फ्रीजमध्ये ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन असले, तरी ते यकृतातला साठाच बाहेर काढते. साठा रिकामा असेल तर ते फारसे काम करणार नाही.

रूममेटला हे माझ्या शब्दांत सांग: ओंकारच्या तोंडाला वास येत असला, तर साखर तपासायचे तेवढेच मोठे कारण आहे. मीटर नसेल आणि तो गिळू शकत असेल, तर ग्लुकोज द्यायचे. साखर जास्तच असली तरी तेवढ्या ग्लुकोजने फार बिघडत नाही. गिळू शकत नसेल किंवा उठत नसेल, तर तोंडात काहीही घालायचे नाही, कुशीवर वळवायचे आणि १०८ ला फोन करून 'इन्सुलिन घेणारा पेशंट आहे' हे पहिल्या वाक्यात सांगायचे. 'प्यायलाय' असे आधी सांगितले की ऐकणाऱ्याचे पुढचे लक्ष तिथेच राहते. दवाखान्यात मामाबद्दल मला पहिला प्रश्न 'प्यायलाय का?' हाच विचारला होता.

तू इन्सुलिन घेतोस असे लिहिलेले कार्ड पाकिटात ठेव, आणि त्या मुलाचा नंबर मला पाठव. उगाच फोन करणार नाही.

तुझी,
आई