केसपेपरवर स्वतःचा टोकन नंबर लिहिणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

2023 च्या त्या रात्रपाळीनंतर तुमचे आभार मानायचे राहूनच गेले. तुमचं आणि कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण तुमची अजून नोकरी आहे. पण प्रेस शॉपमध्ये आयुष्य काढलेले लोक हे वाचतील, त्यांना सगळं कळेल.

आपण शेजारशेजारच्या प्रेसवर उभे राहायचो. पार्ट तेच, टार्गेट तेवढंच. तुम्ही परमनंट, मी ठेकेदाराचा. हजेरीपत्रकावर मी ‘हेल्पर’ होतो, त्यामुळे कागदोपत्री मी प्रेसला हात लावतच नव्हतो. पगार तुमच्या चौथ्या हिश्श्याएवढाही नव्हता. कँटीनला तुमची पंगत उठल्यावर आमची बसायची. तेही सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते वेगळंच.

माझी प्रेस डबल मारायला लागली होती. क्लचची चावी झिजली की एक स्ट्रोक पूर्ण झाल्यावर स्लाइड वर थांबत नाही, आपोआप पुन्हा खाली येते. दोन हातांची बटणं अशा वेळी काहीच वाचवत नाहीत, कारण तोवर बटणं सुटलेली असतात आणि हात पार्ट काढायला डायमध्ये गेलेला असतो. तुमच्या मशीनने तसं केलं तेव्हा तुम्ही ब्रेकडाउन स्लिप फाडलीत, मेंटेनन्सवाले आले आणि मशीन उभी राहिली. मी सुपरवायझरला सांगितलं तर म्हणाला, “चालव, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.” स्लिप लिहायचा अधिकार आम्हाला नव्हताच. कंपनी एकच, मशीन एकाच जातीची, आणि कुणाच्या बोटांसाठी मशीन थांबवायची हे गेटपासच्या रंगावर ठरायचं. आमच्या पोरांच्या मनात परमनंट लोकांबद्दल जो कडवटपणा साठला होता, तो पगारापेक्षा यातून आला होता.

माझी दोन बोटं गेली तेव्हा तुम्ही तुमची मशीन बंद करून गाडीत माझ्याबरोबर बसलात. युनियन कमिटीचा एक मेंबर दारातच म्हणाला होता, “तो आपला माणूस नाही, ठेकेदार बघेल.” ठेकेदाराचा माणूस आला, तो वाटेतच मला पढवायला लागला: घरी लोखंडी दारात बोट सापडलं असं सांग, खर्च मी करतो. दवाखान्यात त्याने डॉक्टरांना तेच सांगितलं. मला बोलायचं त्राण नव्हतं. तुम्ही पुढे झालात आणि म्हणालात, “दार नाही साहेब, पॉवर प्रेस. मी शेजारी उभा होतो. लिहा.” मग पेन मागून घेतलंत आणि केसपेपरवर साक्षीदार म्हणून सही केलीत. सहीखाली, कुणी न मागता, स्वतःचा टोकन नंबर लिहिलात.

त्या चार आकड्यांनी काय केलं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो. पहिल्या केसपेपरवर जे लिहिलं जातं, त्यालाच पुढे सगळे धरून बसतात. घरची इजा ठरली असती तर ईएसआयकडून आजारपणाचे पगाराच्या 70 टक्के मिळाले असते, तेही सहा महिन्यांच्या काळात 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल तरच. आमची वर्गणी कुठे सलग असायची? ठेकेदार मधूनमधून आम्हाला कमी करून पुन्हा घ्यायचा. कामावरची इजा ठरल्यामुळे 90 टक्के मिळाले, आणि दिवसांची अट आली नाही. पुढे मेडिकल बोर्डासमोर गेलो. तर्जनीची दोन पेरं गेली तर कमाईची 11 टक्के क्षमता गेली असं कायद्याच्या तक्त्यात आहे. माझ्या दोन्ही बोटांचा हिशेब धरून दरमहा रक्कम सुरू झाली, ती आयुष्यभर येईल. थोडी आहे, पण आईच्या औषधांना कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

काका, माझ्यासाठी खोटं बोला असं तुम्हाला कुणी म्हणत नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहिला असतात तरी कुणी बोट दाखवलं नसतं. नंतर तुमची पाळी बदलली, वरची बोलणी खावी लागली, हे मला इतरांकडून कळलं. चांगुलपणा हा शब्द लोक फार स्वस्तात वापरतात. तुम्ही तो नोकरी पणाला लावून दाखवलात, आणि ज्याला कुणी आपला म्हणायला तयार नव्हतं त्याच्यासाठी.

एक मागणं आहे. माझ्या प्रेसवर आता दुसरा पोरगा आहे, तोही हेल्परच. त्याची मशीन डबल मारायला लागली तर स्लिप तुमच्या नावाने फाडा. त्याला माझा नंबर दिलाय आणि तुमच्याकडे जायला सांगितलंय.

तुमचा,
शेजारच्या प्रेसवरचा