पितळी गेली, दुसरी राहिली: काकूंना आभाराचे पत्र

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यावरचं गाणं परवा पूर्ण चालीत बसलं. तुम्हाला फोनवर कळवलं, पण फोनवर ‘थँक्यू काकू’ म्हणून भागण्यासारखं हे नाही. तुम्ही त्या मुखड्याचं काय केलंत ते नीट लिहून ठेवावं आणि चार लोकांसमोर ठेवावं असं वाटलं. भावगीतं लिहिणाऱ्या पुष्कळ जणांच्या वहीत तसाच मुखडा असतो, म्हणून हे पत्र उघडं.

वाडा बिल्डरकडे जाण्याच्या आदल्या रात्रीवर मी लिहिलं होतं:

हळव्या ओल्या धूसर रात्री
व्याकुळ कातर उदास वाडा
गढूळ भीषण पुराच्या खुणा
इवली पितळी दुसरी किल्ली

वृत्त पादाकुलक, ओळीला सोळा मात्रा. तुम्ही चांगलं-वाईट काही न म्हणता पेन्सिल घेतलीत आणि विशेषणांखाली रेघा ओढल्यात. मग म्हणालात, “आता मात्रा मोज.” पहिल्या ओळीत विशेषणांच्या बारा, रात्रीला चार. दुसरीत तसंच. चारही ओळींच्या मिळून चौसष्ट मात्रांपैकी चव्वेचाळीस विशेषणांनी घेतलेल्या, आणि क्रियापद एकही नाही. “म्हणजे या रात्री वाड्यात काहीच घडलं नाही,” असं तुम्ही म्हणालात. ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

मग तुम्ही पेटी पुढे ओढलीत आणि केरव्यात ती ओळ म्हणून दाखवलीत. हळव्या, ओल्या, धूसर, रात्री: चारही शब्द चार-चार मात्रांचे. आठ मात्रांच्या ठेक्यात प्रत्येक शब्द नेमका टाळीच्या नाहीतर खालीच्या मात्रेवर आपटतो, आणि गाणाऱ्याला श्वास आत-बाहेर करण्यापलीकडे काही उरत नाही. विशेषणांची रांग अर्थाला जड होते एवढं मला ऐकून माहीत होतं. ती लयीलाही सपाट करते, हे कानाने ऐकल्यावरच पटलं.

“ओली कशाने?” तुम्ही विचारलंत. पावसाने. “पाऊस कुठून पडतोय?” कौलांच्या कडेने, पागोळ्यांतून. “मग रात्र काय करतेय?” तिथे ‘निथळली’ हा शब्द आला. निथळायला आधी भिजावं लागतं, म्हणजे ‘ओल्या’ त्याच्या पोटातच होता. ‘धूसर’ कुणाला आठवलाही नाही. ओळ झाली ‘रात्र निथळली पागोळ्यांतुन’. मात्रा सोळा भरल्या, तीन आणि पाचचा तुकडा पडल्यामुळे ठेकाही हलला. तरी तुमचं समाधान नव्हतं. ओळ ‘न’वर संपते, गाणाऱ्याने तिथे सूर धरायचा कुठे? म्हणून तुम्ही शब्द फिरवलेत: ‘पागोळ्यांतुन रात्र निथळली’. आता ‘ली’चा दीर्घ स्वर मोकळा मिळाला, आणि ओळीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम शेवटच्या लांब सुरावर आलं. मराठीत क्रियापद मुळातच वाक्याच्या शेवटाकडे जातं. चाल लावणाऱ्याला हे आयतं दान आहे, आणि आपण नामावर ओळ संपवून ते वाया घालवतो.

दुसऱ्या ओळीत मला तुमची मदत सगळ्यात जास्त झाली. व्याकुळ, कातर, उदास हे तिन्ही काढून मी ‘गलबलला’ आणलं आणि क्रियापद मिळालं म्हणून खूश झालो. तुम्ही मान हलवलीत. ‘गलबलला’, ‘गहिवरला’, ‘हेलावला’ ही रूपाने क्रियापदं, पण काम विशेषणाचंच करतात, भावनेचं नाव सांगून मोकळी होतात. तुमची कसोटी सोपी होती: ते करताना कुणी डोळ्यांना दिसतं का? गलबललेला माणूस काय करतो ते प्रत्येकाचं वेगळं. तो जे काय करतो ते लिही, म्हणालात. आमचे आजोबा त्या आठवड्यात दिंडी दरवाजाशी, चौकटीला हात लावून बसून असायचे. हे मी सहज बोलून गेलो आणि तुम्ही तेच उचललंत: ‘वाडा बसला दार धरूनी’. बसणं आणि धरणं, दोन्ही रोजची साधी क्रियापदं. व्याकूळपणा, कातरपणा, उदासी यांपैकी जे ज्याला हवं ते ऐकणारा स्वतःच घेतो.

तिसऱ्या ओळीतला पूर १२ जुलै १९६१चा, पानशेतचा. माजघराच्या भिंतीवर आजीने पाण्याची रेघ कधी पुसू दिली नाही. मी तिला ‘गढूळ’ आणि ‘भीषण’ जोडले होते. पानशेतचा पूर भीषण होता हे पुण्यात कुणाला सांगायचं? ‘भिंतीवरती पूर थांबला’ असं तुम्ही म्हणालात तेव्हा मला त्या रेघेपाशी उभं राहिल्यासारखं झालं. इतकी वर्षं तो तिथेच थांबलेला आहे, भिंत पडेपर्यंत.

चौथ्या ओळीत मी हात धुऊन मागे लागलो आणि तिन्ही विशेषणं खोडली. तेव्हा तुम्हीच मला थांबवलंत. ‘इवली’ जाऊ दे, ‘पितळी’ जाऊ दे, ‘दुसरी’ला हात लावू नकोस. खिशात किल्ली उरली, एवढंच म्हटलं तर द्यायची राहून गेली असा अर्थ होईल. दुसरी किल्ली उरली म्हटलं की एक दिली हे आलं, कुणाला दिली हे आलं, आणि उरलेलीला आता कुलूप नाही हेही आलं. जे काढल्यावर गोष्ट बदलते ते विशेषण ठेवायचं. रंग तेवढा कमी होत असेल, तर तो कमी होऊ द्यायचा.

खोडलेल्या जागी मात्रा कमी पडल्या की हात आपोआप ‘गं’, ‘रे’, ‘सखे’ यांच्याकडे जातो. तुम्ही ते एकदाही होऊ दिलं नाहीत. रिकाम्या मात्रा म्हणजे घडायला मिळालेली जागा, तिथे कुणीतरी काहीतरी करायला हवं, असा तुमचा हट्ट. त्या हट्टातून झालेला मुखडा हा:

पागोळ्यांतुन रात्र निथळली
वाडा बसला दार धरूनी
भिंतीवरती पूर थांबला
दुसरी किल्ली खिशात उरली

काकू, एक सांगू? ‘पितळी’साठी माझा जीव अजून थोडा अडकतो, कारण ती किल्ली खरोखर पितळेची आहे आणि घामाने हाताला तिचा वास लागतो. पण हा वासच अंतऱ्यात आणता येईल, विशेषण न लावता, हे तुमच्याकडे बसल्यामुळेच सुचलं. दुसऱ्या अंतऱ्यात हौदाच्या ओळी आहेत, तिथे ‘शेवाळी’ हा शब्द माहिती देतो की नुसता रंग, यावर माझं ठरत नाही. गुरुवारी वर्गानंतर वही घेऊन येतो.

पेन्सिलीच्या प्रत्येक रेघेसाठी मनापासून आभार.

तुमचा,
वाड्यातला धाकटा