बायचा खंड्या वर्गात उडाला

प्रिय सोहम,

बायने तुला तिच्या वर्गातल्या खंड्याचं फोनवर अर्धवटच सांगितलं असणार, तुझ्याशी बोलायचं म्हटलं की तिला सगळं एका दमात सांगायचं असतं आणि मग महत्त्वाचं तेवढंच राहून जातं. म्हणून मी लिहितोय. आज प्रेसला सुट्टी आहे, बाहेर पाऊस धरून बसलाय, वेळ आहे.

तुझं सहावीचं सायन्सचं पुस्तक तिच्याकडे आलंय ते तुला माहीत आहे. त्याच्या मार्जिनमध्ये ती जूनपासून चित्रं काढत होती, खाली उजव्या कोपऱ्यात, आणि कुणाला दाखवत नव्हती. पुस्तकात काही काढलं की ओरडा बसतो हे शाळेत सगळ्याच मुलांना माहीत असतं, म्हणून पेन्सिलही इतकी हलकी चालवायची की पुस्तक सरळ उघडलं तर कोपऱ्यात काही आहे हे पटकन कळायचंही नाही. मये तलावावर खांबावर बसतो ना तो निळा लहान खंड्या, तो पाण्यात सूर मारतो आणि मासा घेऊन परत खांबावर येतो, एवढीच गोष्ट. प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा जरासं वेगळं, पानं भराभर सोडली की पक्षी हलताना दिसतो. ४० चित्रं. चित्र फक्त उजवीकडच्या पानावर असल्यामुळे ४० चित्रांना ८० पानं लागली.

आता गंमत बघ, तिने सुरुवात मागून केलीय. पहिलं चित्र सगळ्यात मागच्या पानावर, मग त्याच्यावरचं पान खाली पाडायचं, त्यातून खालचं चित्र पुसट दिसतं, त्याच्या आधाराने पुढचं काढायचं. पाठ्यपुस्तकाचा कागद पातळ असतो तो इथे कामाला आला. आणि बघतानाही तसंच, डाव्या हातात पुस्तकाची पाठ धरायची, उजव्या अंगठ्याने सगळी पानं वाकवून वर घ्यायची आणि मागून एकेक सोडायची. हे तिला कुणी शिकवलं नाही, तिचं तिनेच शोधलं.

पण पहिला खंड्या जमला नव्हता. तो मराठीच्या पुस्तकात होता, मी बघितलाय. खांबापासून पाण्यापर्यंत प्रत्येक चित्रात पक्षी सारखाच खाली सरकवला होता, मोजून, पट्टी लावून. पानं सोडली की तो दोरीला बांधून विहिरीत सोडलेल्या कळशीसारखा उतरायचा. सूर मारल्यासारखं वाटायचंच नाही. तिलाही ते कळत होतं पण चुकतंय कुठे ते सापडत नव्हतं, कारण एकेक चित्र बघितलं तर छान होतं.

मग ती आईबरोबर मयेला गेली आणि नुसती बसून राहिली. घरी आल्यावर म्हणाली, बाबा, तो उडतो थोडा वेळ आणि बसतोच जास्त. बस्स, तिथून सगळं बदललं. सायन्सच्या पुस्तकातल्या ४० पैकी पहिली १२ चित्रं नुसती बसण्याची आहेत, फक्त मान जरा इकडे जरा तिकडे. मग २ चित्रांत तो अंग मागे घेऊन दबतो. आणि आख्खा सूर फक्त ४ चित्रांत! मग पाणी उसळतं ती २, नुसती वर्तुळं पसरतात ती ६, बाहेर येताना ६, आणि शेवटी खांबावर मासा धरून ८. साधारण सेकंदाला १० चित्रं सुटतात, म्हणजे चारेक सेकंदांचा खेळ, त्यात सेकंदभर तर काहीच घडत नाही आणि म्हणूनच पुढचा सूर इतका झपकन वाटतो. जवळजवळ काढलं की हळू, लांब लांब काढलं की जोरात, सगळा वेग त्या अंतरात असतो. फक्त अंतर फार वाढलं तर डोळ्याला एकच पक्षी खाली गेला असं न वाटता दोन वेगळे पक्षी दिसतात, म्हणून सुराच्या चित्रांत तिने त्याला लांबट केलाय, चोच खाली, शेपूट पार वर, म्हणजे मधली जागा भरून निघते.

खांबाने तिला फार त्रास दिला. पक्ष्याची रेघ थोडी हलली तर चालते, उलट जिवंत वाटते, पण खांब केसभर जरी सरकला तरी भूकंप झाल्यासारखं दिसतं. शेवटी तिने लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा तुकडा कापला, त्यात खांबाएवढी खाच केली आणि तो प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला टेकवून खांब काढला. पुस्तक बाइंडिंगनंतर एकदम कटिंग होतं त्यामुळे सगळे कोपरे एकावर एक बरोबर येतात, तेच माप धरायचं. मला प्रेसमध्ये इतकी वर्षं झाली, तिची ती खाच बघून मला खरंच भरून आलं.

तर वर्गात. टीचरने सांगितलं होतं, स्वतः केलेली एक वस्तू आणा. कुणी शिंपल्यांचं, कुणी नारळाच्या करवंटीचं आणलं होतं. हिने दप्तरातून सायन्सचं पुस्तक काढलं, मुलं म्हणाली हे तर पुस्तक आहे. आधी ती पुढे उभी राहून दाखवायला लागली, पण हे बोटभर चित्र, मागच्या बेंचवर काय दिसणार. पेन्सिल हलकी, त्यात हाताला घाम आलेला, पानं चिकटून पाच-पाच एकदम सुटली आणि खंड्या खांबावरून थेट मासा घेऊनच दिसला. कुणीतरी हसलं. तिने पुस्तक बंद केलं नाही रे. हात फ्रॉकला पुसले, पुस्तकाची कड मी दाखवली होती तशी तिरकी वाकवली (सगळ्या पानांची धार एका रेषेत असली की अंगठ्याखालून गठ्ठा सुटतो, तिरकी केली की प्रत्येक पान खालच्यापेक्षा जरा मागे राहतं आणि एकेक सुटतं) आणि टीचरना म्हणाली, चार-चार जणांना जवळ बोलावते.

मग काय, एकेक घोळका. पण खरी मजा तिने पुस्तक त्यांच्याच हातात दिलं तेव्हा आली, कारण जो पानं सोडतो त्याच्या अंगठ्याचा वेग खंड्याला मिळतो. एका मुलाने पानं पुढून सोडली, तर खंड्या मासा घेऊन बसलेला, शेपटीकडून पाण्यात गेला, आणि मासा पाण्यात ठेवून उलटा वर येऊन रिकाम्या चोचीने बसला. सगळा वर्ग ओरडला, परत दाखव परत दाखव. टीचर पुस्तकावरून काही बोलल्या नाहीत, त्यांनी स्वतः दोनदा बघितलं आणि विचारलं, सूर मारायच्या आधी हा दबतो ते तू कुठे बघितलंस.

मी तिला सांगितलं की असल्या पुस्तकाचं पेटंट १८६८ मध्ये बर्मिंगहॅमच्या जॉन बार्न्स लिनेट नावाच्या माणसाने घेतलं, तो लिथो छापणारा होता, म्हणजे आमच्याच धंद्यातला. तिला त्या माणसापेक्षा यात जास्त इंटरेस्ट की त्याचा कागद केवढा जाड होता!

कागदाचं मी बघतोय. कटिंगमधून उरलेल्या मॅपलिथोच्या पट्ट्या आहेत, त्याची छोटी पॅड करून पिना मारून देणार आहे, कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पिनेच्या बाजूला समांतर ठेवून, म्हणजे पानं सहज वाकतील. तिला आता फुगडी काढायची आहे, दोन बायका, आणि त्यात अडचण अशी की गोल फिरताना एकीचं तोंड दिसतं तेव्हा दुसरीची पाठ, आणि पदर मागून येतो, एक-दोन चित्रं उशिराने. ती आईला आणि काकूला अंगणात फिरायला लावते आणि थांबा म्हणते.

तू चतुर्थीला येशील तेव्हा मोबाइलवर फुगडीचा स्लो मोशन व्हिडिओ काढून दे तिला, थांबवून थांबवून बघता येईल. आणि तुझी जुनी ड्रॉइंगची क्लिप तिकडे हॉस्टेलवर असेल तर घेऊन ये, पॅड घट्ट धरायला हवी आहे. तिकीट वेळेत काढ, गर्दी असते.

तुझा,
बाबा