दुकानाच्या मजकुराविषयी मित्रास पत्र

सातारा,
25 मे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

शाळा उघडण्याआधी पालकांच्या गटांवर टाकण्यासाठी तू लिहिलेला मजकूर वाचला. ‘शालेय साहित्य आकर्षक दरात, घाऊक खरेदीवर 10 टक्के सूट’ एवढ्यावरून पालकाला काहीच कळत नाही, कारण त्याच्या हातात शाळेने दिलेली यादी असते आणि तो तीच ताडून पाहतो. म्हणून इयत्तेवार स्वतंत्र मजकूर कर आणि वह्यांची नुसती संख्या न लिहिता पाने व रेघा लिही. चाररेघी वहीच्या जागी एकरेघी गेली, तर संच दुसऱ्याच दिवशी परत येतो.

तू कळवलेल्या पाचवीच्या संचाची छापील किंमत मी मांडून पाहिली. सहा एकरेघी वह्यांचे 240, दोन चाररेघींचे 50, चित्रकला वहीचे 40, कंपास पेटीचे 120, दहा पेन्सिलींचे 50, दोन खोडरबर व शार्पनरचे मिळून 15, खाकी कव्हरच्या रोलचे 50 आणि नावाच्या लेबलांचे 15, असे एकूण 580 रुपये होतात. तुझी खरेदी 440 ची असल्याने 525 हा दर दोघांनाही परवडणारा आहे.

खरी अडचण त्या 10 टक्क्यांची आहे. तुझ्या मनात ती सूट 580 वर असेल, तर दर 522 होतो, म्हणजे एकट्या गिऱ्हाइकापेक्षा अवघे तीन रुपये कमी. पालक मात्र ती 525 वर धरून 472.50 मागतील आणि तुझ्या हाती संचामागे साडेबत्तीस रुपयेच उरतील. काउंटरवर जूनच्या गर्दीत हा वाद तुला झेपणार नाही. त्यापेक्षा सूट सरळ रुपयांत सांग आणि 500 च्या खाली जाऊ नकोस.

मी असे लिहिले असते :

‘इयत्ता 5 वीचा वही-संच 525 रुपये (छापील किंमत 580). 200 पानी एकरेघी वह्या 6, 100 पानी चाररेघी वह्या 2, चित्रकला वही 1, कंपास पेटी 1, पेन्सिली 10, खोडरबर 2, शार्पनर 1, खाकी कव्हर रोल 1, नावाची लेबले. पालकांनी मिळून एकाच बिलावर 5 किंवा अधिक संच घेतल्यास प्रत्येकी 500 रुपये. इयत्ता वेगवेगळ्या असल्या तरी चालतील. नाव न घातलेल्या वह्या 30 जूनपर्यंत बदलून मिळतील.’

दर पहिल्याच ओळीत ठेवला आहे, कारण मोबाइलवर लांब मजकूर अर्ध्यात दुमडला जातो. ‘इयत्ता वेगवेगळ्या’ हे वाक्य मात्र इतर इयत्तांच्या संचांतही पंचवीस रुपये सोडणे परवडत असेल तरच ठेव. पहिली-दुसरीच्या संचात कंपास पेटी नसते, त्यामुळे तिथे नफा आधीच कमी असेल. त्यांचे खरेदीभाव कळव, म्हणजे तेही मांडून पाठवतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश