रात्री दोन वाजता गेलेले थकबाकीचे फोन: तुमच्या सोसायटी सॉफ्टवेअरबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर सपोर्ट प्रमुख

सप्रेम नमस्कार,

मी डोंबिवली पूर्वेतल्या आमच्या 32 फ्लॅटच्या सोसायटीची खजिनदार, बँकेतून क्लार्क म्हणून रिटायर झालेय. तुमचं मेंटेनन्स बिलाचं सॉफ्टवेअर आम्ही याच वर्षी घेतलं. तिकीट उघडलं की तुमच्याकडून दरवेळी तेच एक उत्तर येतं, "वेळ युजरने सेट केली आहे", आणि तिकीट बंद. म्हणून आता सगळं सविस्तर लिहितेय, कृपया शेवटपर्यंत वाचा.

एप्रिल ते जून तिमाहीची बिलं 1 एप्रिलला दिली, भरायची शेवटची तारीख 30 एप्रिल. ज्यांचे राहिले त्यांना 5 मेला ऑटोमॅटिक रिमाइंडर जावा असं ठरवलं, एक मेसेज आणि एक रेकॉर्डेड फोन. वेळ टाकली 20:30, कारण साडेआठला नोकरीवाले लोकलमधून उतरून घरी आलेले असतात आणि म्हातारी माणसं झोपलेली नसतात. सेव्ह केलं, स्क्रीनवर हिरवी टिक आली, 5 मे, 20:30. त्या संध्याकाळी काहीच गेलं नाही. मला वाटलं सर्व्हर बिझी असेल, सकाळी बघू.

रात्री बरोबर दोन वाजता नऊ घरांतले फोन वाजले.

त्यातला एक दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा. त्यांचे मिस्टर त्या वेळी आयसीयूत होते, मुलगी हॉस्पिटलमध्ये बसलेली आणि काकू घरी फोन उशाशी घेऊन पडलेल्या. अनोळखी नंबर बघून त्यांना जे वाटायचं तेच वाटलं. फोन उचलला तर पलीकडून बाईचा रेकॉर्डेड आवाज, "प्रिय सभासद, आपल्या देखभाल शुल्काची रुपये सात हजार तीनशे पन्नास थकबाकी आहे". काकूंना शेवटचा शब्दच तेवढा कळला, आधीचं काही डोक्यात शिरलं नाही, त्यांनी मुलीला फोन लावला, ती घाबरून नर्सकडे धावली. सकाळी काकू माझ्या दारात उभ्या होत्या, रागावल्या नव्हत्या, नुसतं विचारत होत्या की अगं आम्ही तर पैसे भरलेत ना.

आणि भरलेच होते! त्याच्याकडे पुढे येते, आधी वेळेचं.

तुमच्या लॉगमध्ये आजही "सेंट 20:30" असंच दिसतंय आणि नऊच्या नऊ लोकांच्या फोनवर 2:00. फरक साडेपाच तास, ना एक मिनिट कमी ना एक जास्त. मी फक्त माझ्या नंबरला सकाळी 10:00 चा रिमाइंडर लावून बघितला, तो दुपारी 3:30 ला आला. म्हणजे तुमचा सर्व्हर यूटीसीवर चालतो, मी टाकलेली भारतातली वेळ तो यूटीसी समजून घेतो, आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. सेटिंगमध्ये टाइमझोन नावाचं काही दिसतच नाही, मग युजरने काय सेट करायचं होतं सांगा. ट्रेनिंगला आलेल्या तुमच्या मुलाने सगळं "सेंड नाऊ" बटण दाबून दाखवलं होतं, त्यात मेसेज लगेच जातो, शेड्यूलचा संबंधच येत नाही, म्हणून ही चूक कुणालाच दिसली नाही.

हे कळल्यावर मी जुन्या पावत्या काढल्या आणि तिथे याच्याहून वाईट निघालं. एका सभासदाने 1 एप्रिलला रात्री 12:20 ला यूपीआयने पैसे भरले. बँकेच्या स्टेटमेंटला तारीख 1 एप्रिल, तुमच्या पावतीवर 31 मार्च, वेळ 18:50. परत तेच साडेपाच तास, फक्त इथे मागे गेले आणि तारीख बदलली, आणि तारीखच नाही तर आर्थिक वर्षच बदललं. 31 मार्चचं बँक बॅलन्स आणि तुमचं लेजर यात 7,350 चा फरक का येतोय हे मी व्हाउचर पुन्हा पुन्हा चाळून शोधत होते, तो हा होता. रात्री बारा ते साडेपाचमध्ये पडलेली प्रत्येक पावती आदल्या दिवशीची धरली जातेय, एरवी ते खपून जातं पण वर्षअखेरीला ऑडिटरला मी काय सांगणार?

आता काकूंचे पैसे. मुलीने 28 एप्रिलला स्वतःच्या खात्यातून एनईएफटी केलं, धावपळीत फ्लॅट नंबर लिहायचा राहिला. तुमच्या सॉफ्टवेअरला नाव ओळखता आलं नाही म्हणून रक्कम "अनमॅच्ड" मध्ये टाकली, ते बरोबरच केलं, आमच्याकडे सगळ्या टू बीएचकेंना 7,350 चंच बिल असतं त्यामुळे नुसत्या रकमेवरून कुणाचे ते कळत नाही, यूटीआर नंबर घेऊन सभासदालाच विचारावं लागतं. पण पैसे सोसायटीच्या खात्यात येऊन पडलेत, कुणाचे ते अजून ठरायचंय, आणि तरी तुमची सिस्टिम बेधडक थकबाकीचा फोन लावते, हे कसं चालेल. आमच्या ब्रँचमध्ये सस्पेन्सला क्रेडिट पडून असेल तर ते कुणाचं हे शोधल्याशिवाय साहेब नोटिशीवर सही करायचे नाहीत. नऊपैकी दोघांचे पैसे असे अनमॅच्डमध्ये होते, आणि फोन जायच्या आधी मला यादी एकदा जरी दाखवली असती तरी मी दोन्ही नावं तिथेच थांबवली असती.

तर मला हे हवंय. टाइमझोन Asia/Kolkata करा आणि तो वेळेच्या शेजारी स्क्रीनवर दिसू द्या. रात्री नऊ ते सकाळी आठ काही झालं तरी फोन जाता कामा नये, चुकून कुणी तशी वेळ टाकली तरी सिस्टिमने घेऊ नये. अनमॅच्डमध्ये एक जरी रक्कम बाकी असेल तर तेवढ्या रकमेच्या थकबाकीदारांचे रिमाइंडर रोखून ठेवा आणि यादी आधी खजिनदाराकडे पाठवा. मार्च-एप्रिलच्या पावत्यांच्या तारखा दुरुस्त करून त्याचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर द्या, ऑडिटच्या फाइलला लावायचंय. आणि त्या नऊ घरांना माफीचं पत्र तुमच्या नावाने, सोसायटीच्या नावाने नाही, कारण सध्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वाटतंय की हे खजिनदारबाईंनी केलं. काकूंना तर तुमच्यापैकी कुणीतरी दिवसाउजेडी स्वतः फोन करा. त्यांचे मिस्टर आता घरी आलेत.

सोबत लॉगचा स्क्रीनशॉट, तीन सभासदांच्या फोनचे कॉल रेकॉर्ड, ती पावती आणि बँकेचं स्टेटमेंट जोडलंय. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवणार, कमिटीच्या मीटिंगमध्ये तसा ठराव झालाय. तोपर्यंत ऑटोमॅटिक रिमाइंडर बंद ठेवलेत आणि पुढच्या तिमाहीचे फोन मी स्वतः करणार आहे, संध्याकाळी साडेआठच्या आत.

आपली,
खजिनदार, सोसायटी कमिटीच्या वतीने